शंभर लिटर दुधाचे किती किलो पनीर विकले गेले? इंदूरमधील एका घरगुती उद्योगाचा खर्चाचा हिशेब

सुदामानगरमध्ये माझ्या मावसभावाचे, म्हणजे दादांचे, दुधाचे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकानामागच्या शेडमध्ये पनीर काढायला सुरुवात केली. रोज १०० लिटर दूध, एक कामगार, एक मोठे पातेले, दोन साचे आणि एक डीप फ्रीजर एवढाच पसारा. माल चांगला होता, मागणी होती, तीन हॉटेले रोज मिळून १२ किलो घेत आणि उरलेला माल दुकानात सुटा विकला जाई. तरीही दुधाचे पैसे देताना दर महिन्याला दुकानाच्या गल्ल्यातून रक्कम काढावी लागत होती. मी हिशेबनिसाचे काम करतो, म्हणून त्यांनी मला वह्या पाहायला बोलावले. "विक्रीत खोट दिसत नाही, मग पैसा जातो कुठे ते तू शोध," एवढेच त्यांचे म्हणणे होते. या लेखात आलेले भाव आणि वजने या एका उद्योगाची, त्या काळातली आहेत. वाचकाने त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत, हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

दादांचा मूळ हिशेब एका ओळीचा होता. पाच लिटर दुधाचे एक किलो पनीर होते, दूध ६० रुपये लिटर पडते, म्हणजे किलोला दुधाचा खर्च ३०० रुपये. गॅस, मजुरी वगैरे धरून आणखी २० रुपये. हॉटेलांना ३६० रुपये आणि दुकानात ४४० रुपये दर. यानुसार १०० लिटरचे २० किलो पनीर होऊन रोजची विक्री ७,८४० रुपये, खर्च ६,४०० रुपये आणि नफा १,४४० रुपये व्हायला हवा होता. प्रत्यक्षात त्यांच्याकडे नफा नव्हताच, रोज सुमारे २८६ रुपयांचा तोटा होत होता. या दोन आकड्यांमधले १,७२६ रुपयांचे अंतर कुठून आले, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

वजन नेमके कधी केले?

पहिला आठवडा मी काहीही बदलू दिले नाही, फक्त वजने लिहायला लावली. दादा पनीरचे वजन एकदाच करत, तेही थंड पाण्याच्या हौदातून लादी काढल्याबरोबर. त्या वेळी लादीच्या अंगाला आणि आतही मोकळे पाणी असते. आठवड्याची सरासरी काढली तेव्हा हे वजन १९.२ किलो भरले. तीच लादी रात्रभर जाळीवर निथळून सकाळी तोलली, तर १८.६ किलो. आणि दिवसभराच्या पावत्यांवरचे वजन जोडले, तेव्हा १८.१ किलो. मधला अर्धा किलो कापताना पडलेल्या चुऱ्यात, गिऱ्हाइकाला काट्यावर झुकते माप देण्यात आणि हॉटेलातून कधीमधी परत आलेल्या तुकड्यांत गेला होता.

म्हणजे दादांच्या तोंडी असलेले "पाच लिटरला किलो" हे त्यांच्या स्वतःच्या शेडमध्ये पहिल्या वजनालाही खरे नव्हते. हौदातून काढताना ते ५.२१ लिटर होते, सकाळी ५.३८ लिटर आणि पावतीवर ५.५२ लिटर. खर्चाचा हिशेब शेवटच्या आकड्यावरच करायला हवा, कारण पैसे फक्त पावतीवरच्या किलोचे मिळतात. ६,००० रुपयांचे दूध १८.१ किलोंनी भागले की किलोमागे दुधाचाच खर्च ३३१ रुपये ५० पैसे निघतो. हॉटेलचा दर ३६० आहे हे ध्यानात घेतले, तर उरलेल्या साडेअठ्ठावीस रुपयांत बाकीचे सारे बसवायचे होते.

ते बाकीचे सारे किती, याचाही अंदाजच होता. १०० लिटर दूध फ्रीजरातल्या थंडाव्यापासून ९० अंशांपर्यंत नेण्यास व्यावसायिक सिलिंडरचा सुमारे दीड किलो गॅस लागत होता, त्याचे १५० रुपये. सायट्रिक ॲसिडचे ३०, विजेचे १५०, पाणी आणि फडक्यांच्या धुलाईचे ५०, पिशव्यांचे ६०, पोहोचवण्याच्या पेट्रोलचे १००, कामगाराच्या पगाराचे रोजचे ५०० आणि शेडचे भाडे व फ्रीजरचा हप्ता यांतला पनीरचा वाटा २५० रुपये. एकूण १,२९० रुपये, म्हणजे विकलेल्या किलोमागे ७१ रुपये. दादा २० रुपये धरत होते, कारण पगार आणि भाडे "ते तर दुकानाचे आहे" म्हणून त्यांनी पनीरच्या खात्यात घातलेच नव्हते. येथे एक गोष्ट जोडतो. सुट्या पनीरवर जीएसटी नाही आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या पनीरवरही तो शून्य झाला आहे. विक्रीवर कर नसल्यामुळे गॅस, पिशव्या, फ्रीजर यांवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही, तो कर खर्चातच धरावा लागतो. वरचे आकडे करासहित आहेत.

आता अंतर जुळते. १,७२६ रुपयांपैकी ८३६ रुपये न विकल्या गेलेल्या १.९ किलोचे आणि ८९० रुपये न लिहिलेल्या खर्चाचे. खर्च लिहून काढणे हे कागदावरचे काम होते, ते एका संध्याकाळी झाले. वजन का कमी पडते, या प्रश्नाला मात्र महिना लागला.

दुधात काय आले आणि निवळीत काय गेले

पनीर म्हणजे दुधातला फॅट, प्रथिने आणि त्यांनी धरून ठेवलेले पाणी. दुधातली साखर जवळजवळ सगळी निवळीबरोबर, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्याबरोबर, जाते, ती कोणालाही अडवता येत नाही. म्हणून १०० लिटर दुधातून किती किलो पनीर निघेल, हे लिटरवर ठरत नाही. त्या लिटरमध्ये फॅट आणि प्रथिने किती आली आणि त्यांतली किती निवळीत निसटली, यावर ठरते. दादा हातोदच्या बाजूच्या एका दूधवाल्याकडून "म्हशीचे दूध" सरसकट ६० रुपये लिटरने घेत होते. लॅक्टोमीटर बुडवून पाहण्यापलीकडे तपासणी नव्हती.

आम्ही फॅट मोजण्यासाठी गर्बर चाचणीचे साहित्य आणले. ब्युटिरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून, हलवून, ती नळी यंत्रात चार-पाच मिनिटे फिरवली की वर साठलेल्या फॅटचा स्तंभ थेट टक्क्यांत वाचता येतो. ॲसिड तीव्र असल्यामुळे हातमोजे आणि चष्मा लागतोच. सात दिवसांची सरासरी ५.२ टक्के फॅट आणि ८.४ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट वगळून उरलेले घन पदार्थ, अशी आली. निव्वळ म्हशीच्या दुधात याहून दोन्ही जास्त असतात, तेव्हा त्यात गायीचे दूध मिसळलेले होते हे उघड झाले.

हे किलोत मांडले की चित्र नीट दिसते. १०० लिटर दुधाचे वजन सुमारे १०३ किलो भरते. त्यात ५.२ टक्क्यांनी ५.३६ किलो फॅट आला. पातेल्यात उरलेली निवळी ८४ किलो होती आणि तिची चाचणी केली तेव्हा त्यात ०.८ टक्के फॅट निघाला, म्हणजे ६७० ग्रॅम. आलेल्या फॅटचा आठवा हिस्सा रोज गटारात चालला होता. नीट काढलेल्या पनीरच्या निवळीत हे प्रमाण साधारण याच्या निम्मे असते. निवळीसाठी बारीक खुणांची वेगळी नळी वापरावी, कारण दुधाच्या नळीवर इतका कमी फॅट अचूक वाचता येत नाही.

खरे तर नळी नसली तरी निवळी स्वतःच सांगते. हिरवट-पिवळसर, पारदर्शक निवळी म्हणजे दूध पूर्ण फाटले आणि फॅट गोळ्यात अडकला. दुधाळ, पांढुरकी निवळी म्हणजे नुकसान. दादांची निवळी दुधाळ होती आणि गाळल्यावर तळाशी रव्यासारखे बारीक कण बसत. कारणे शोधण्यासाठी मी दोन दिवस पातेल्याजवळ उभा राहिलो.

कामगार दूध खळखळून उकळत असे आणि उकळत्या दुधातच दोनशे ग्रॅम सायट्रिक ॲसिड चार लिटर गार पाण्यात विरघळवून एकदम ओतून झाऱ्याने जोरजोरात ढवळत असे. तीव्र ॲसिड एका जागी पडल्याने तिथले दूध लगेच घट्ट फाटे, बाकीचे तसेच राही. मग जोराच्या ढवळण्याने तयार झालेले गोळे फुटत आणि त्यांतला फॅट निवळीत उतरे. शिवाय मलमलचे फडके इतके जुने झाले होते की बारीक कण त्यातून सरळ पार होत. पातेले उतरवल्याबरोबर गाळण्याची घाई असे, त्यामुळे गोळा नीट जमायलाही वेळ मिळत नसे.

बदललेली रीत अशी होती. दूध ९० अंशांपर्यंत तापवून पाच मिनिटे ठेवायचे. एवढे तापवल्याने निवळीबरोबर जाऊ पाहणारी प्रथिने केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि पनीरमध्ये राहतात, म्हणून गॅस वाचवण्यासाठी येथे हात आखडता घेणे महागात पडते. नंतर आच बंद करून दूध ७० अंशांवर येऊ द्यायचे आणि तेवढेच गरम केलेले २ टक्क्यांचे ॲसिडचे पाणी, म्हणजे दोनशे ग्रॅम दहा लिटरमध्ये, बारीक धारेने घालत हळू ढवळायचे. निवळी स्वच्छ दिसू लागली की थांबायचे, उरलेले ॲसिड उरू द्यायचे. जास्त ॲसिडाने पनीर आंबट आणि कडक होते, कमी पडले तर निवळी दुधाळ राहते. ढवळणे थांबवून दहा मिनिटे तसेच ठेवायचे, मग नव्या फडक्यातून गाळून साच्यात दाबायचे. दाबून झालेली लादी ४ ते ६ अंशांच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवायची. कामगाराला हे शिकायला चार दिवस लागले आणि पाचव्या दिवसापासून निवळीचा रंग बदलला.

निवळी आता ९० किलो होती, कारण ॲसिडाबरोबर पाणी जास्त गेले, पण तिच्यातला फॅट ०.४ टक्क्यांवर आला. ६७० ग्रॅमच्या जागी ३६० ग्रॅम. वाचलेल्या तीनशे ग्रॅम फॅटची दुधाच्या भावाने किंमत दिवसाला सुमारे २९० रुपये होते, आणि पनीरच्या गोळ्यात तो पाण्यासह अर्ध्या किलोहून जास्त वजनाने भरतो. फडके, थर्मामीटर आणि दहा मिनिटांचा धीर, एवढ्यावर हे मिळाले.

उरलेल्या निवळीचे काय करायचे हा प्रश्न होता, कारण सेंद्रिय भार इतका मोठा असलेले पाणी गटारात सोडणे शहराच्या दृष्टीने चुकीचे आहे आणि इंदूरमध्ये तर ते खपवूनही घेतले जात नाही. जवळच्या गवळ्याने त्यातली ८० लिटर निवळी रुपया लिटरने न्यायला सुरुवात केली. ती त्याच दिवशी ताजी जनावरांना पाजायची अट त्याने स्वतः घातली, कारण आंबलेल्या निवळीने त्याची म्हैस पूर्वी बिघडली होती. ८० रुपयांची जमा मोठी नाही, पण विल्हेवाटीची चिंता मिटली.

दुधाचा भाव कशावर ठरवायचा

सरसकट ६० रुपयांना ५.२ फॅटचे दूध घेणे म्हणजे फॅटच्या एका पॉइंटला, म्हणजे एका टक्क्याला, साडेअकरा रुपये देणे होते. दादांनी दूधवाल्याला समोर बसवून चाचणी दाखवली आणि फॅटच्या प्रत्येक पॉइंटला लिटरमागे १० रुपये असा भाव मांडला, शिवाय एसएनएफ ८.८ च्या खाली गेल्यास कपात. जुन्या दुधाला या हिशेबाने कपात न धरताही ५२ रुपयेच मिळाले असते. त्याने दुसऱ्या दिवसापासून म्हशीचे दूध वेगळ्या कॅनमध्ये आणायला सुरुवात केली. त्याचा फॅट सरासरी ६.० आणि एसएनएफ ८.९ निघाला, आणि भाव पुन्हा ६० रुपयेच राहिला. भांडण झाले नाही, दोघांनाही नळीतला आकडा मान्य होता.

येथे एक बारकावा सांगायला हवा. भाव फक्त फॅटवर ठेवला, तर प्रथिने जणू फुकट मिळतात, आणि कमी फॅटचे पण एसएनएफ चांगले असलेले दूध पनीरसाठी स्वस्त पडू शकते. ५२ रुपयांनी जुनेच दूध घेऊन जुन्याच रीतीने पनीर काढले असते, तरी किलोमागे दुधाचा खर्च २८७ रुपयेच आला असता. पण तेवढ्याच गॅसमध्ये आणि मजुरीत माल सव्वादोन किलोने कमी निघाला असता आणि गायीच्या दुधाचे पनीर मऊ पडून टिक्क्यासाठी सळईवर टिकत नाही, ही हॉटेलांची जुनी तक्रार होती. शिवाय पनीरच्या कोरड्या भागात किमान ५० टक्के फॅट असणे कायद्याने आवश्यक आहे, त्यामुळे फॅट कितीही खाली नेता येत नाही.

महिन्याभराने पुन्हा सात दिवस वजने घेतली. सकाळचे निथळलेले वजन २०.८ किलो आणि पावत्यांवरचे २०.४ किलो, म्हणजे विकलेल्या किलोला ४.९ लिटर दूध. चुरा आता वेगळा गोळा करून भुर्जीसाठी कमी भावाने विकला जातो. तो या आकड्यात धरलेला नाही.

वजन वाढवण्याचा आणखी एक मार्ग दादांना कोणीतरी सुचवला होता, तो म्हणजे कमी दाबायचे आणि पाणी राहू द्यायचे. आमच्या पनीरमध्ये प्रयोगशाळेच्या तपासणीत ५४ टक्के पाणी निघाले आणि कायदा ६० टक्क्यांपर्यंत परवानगी देतो, म्हणजे वाव दिसतो खरा. पाणी ५८ टक्क्यांवर नेले असते तर त्याच घन पदार्थांचे वजन सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढले असते. परंतु असे पनीर पिशवीत पाणी सोडते, तव्यावर फुटते, लवकर आंबते, आणि आठवड्याभरात हॉटेल तक्रार करते. दादांनी ते नाकारले आणि मला ते योग्यच वाटले.

हॉटेलचा किलो आणि दुकानाचा किलो

नवा हिशेब मांडताना मी मुद्दाम सावध राहिलो. वाढलेले २.३ किलो पनीर दुकानात ४४० रुपयांनी खपेलच असे नाही, म्हणून ते सगळे हॉटेलच्या ३६० रुपयांत धरले. त्यानुसार १४.३ किलो हॉटेलांना आणि ६.१ किलो दुकानात, एकूण विक्री ७,८३२ रुपये. खर्च दुधाचे ६,००० आणि इतर १,२९०, त्यातून निवळीचे ८० वजा करून ७,२१०. रोजचा नफा ६२२ रुपये, म्हणजे विक्रीच्या जवळजवळ आठ टक्के. यात दादांच्या स्वतःच्या श्रमांचा मोबदला नाही. तो धरला तर हा नफा पगाराहून फारसा वेगळा उरत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

त्याहून महत्त्वाचे आतले वाटप होते. किलोचा पूर्ण खर्च ३५३ रुपये ४० पैसे. हॉटेलच्या किलोत उरतात ६ रुपये ६० पैसे आणि दुकानाच्या किलोत ८६ रुपये ६० पैसे. म्हणजे ६२२ पैकी ५२८ रुपये सहा किलो देतात आणि चौदा किलो मिळून ९४ रुपये. त्यातही हॉटेले पैसे महिन्याने देतात. दीड लाखाहून अधिक रक्कम सतत बाहेर अडकते, आणि तिच्यावर वर्षाला १२ टक्के व्याज धरले तर किलोमागे ३ रुपये ६० पैसे जातात. हॉटेलच्या किलोत खरे उरतात तीन रुपये.

"मग हॉटेले सोडून देऊ का?" असे दादांनी लगेच विचारले. तसे करणे चुकीचे ठरले असते. पगार, भाडे, हप्ता हे खर्च हॉटेले सोडल्याने कमी होत नाहीत. एक किलो जास्त काढायला दूध, गॅस, ॲसिड आणि पिशवी मिळून सुमारे ३०६ रुपये लागतात, म्हणून हॉटेलचा प्रत्येक किलो त्या ठरलेल्या खर्चात ५४ रुपयांची भर घालतो. तो काढून घेतला की सगळा बोजा सहा किलोंवर येतो. हॉटेले ठेवायची, पण त्यांचा दर गोठू द्यायचा नाही, असे आम्ही ठरवले.

दर गोठण्याचा धोका येथे विशेष आहे. किलोला ४.९ लिटर दूध लागत असल्यामुळे दूध एक रुपयाने महागले की पनीरचा खर्च जवळजवळ पाच रुपयांनी वाढतो. उन्हाळ्यात म्हशीचे दूध कमी पडून भाव ६४ झाला, तर हॉटेलच्या किलोवर तीन रुपयांचा नफा राहण्याऐवजी सोळा-सतरा रुपयांचा तोटा होईल. म्हणून दादांनी तिन्ही हॉटेलांना लेखी कळवले की दुधाच्या भावात लिटरमागे एका रुपयाचा फरक पडला की पुढच्या पहिल्या तारखेपासून पनीर पाच रुपयांनी वर किंवा खाली जाईल. खाली येण्याचे कलमही त्यात होते, त्यामुळे दोघांनी सहज मान्यता दिली.

तिसऱ्या हॉटेलच्या व्यवस्थापकाने बाजारात २४० रुपये किलोने माल मिळतो असे सांगून दर उलट कमी करायला सांगितले. आमच्या वहीनुसार दुधाचाच खर्च २९४ रुपये आहे. २४० रुपयांचा माल बहुधा दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरून काढलेला असतो, आणि अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार त्याला पनीर म्हणून विकता येत नाही, 'ॲनालॉग' असे लिहावे लागते. दादांनी आमच्या खर्चाचे पान त्या व्यवस्थापकासमोर ठेवले आणि दर बदलला नाही. ते हॉटेल रोज चार किलो घेत होते. आता दोन किलो घेते. सुटलेल्या दोन किलोंपैकी एक किलो दुकानात जातो आणि एक किलो दूध कमी घेऊन काढणेच थांबवले आहे, त्यामुळे रोजचे दूध १०० वरून ९५ लिटरवर आले आहे.